आजेसासूबाईंच्या वहीतलं एक पान आणि आजचा ताटाचा भाव



गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरी नातीचं बारसं झालं. शंभर पानं धरली होती. जेवण घरी करायचं की केटररला सांगायचं, यावर आठ दिवस घरात चर्चा चालली होती. केटररने जैन जेवणाचा भाव ताटाला दोनशे वीस रुपये सांगितला. त्यावर भाऊजी म्हणाले, "वहिनी, किराणा आणला की घरी पन्नास-पंचावन्नात पान होतं. कशाला एवढे घालवायचे? पूर्वी आपल्याकडे बारशी घरीच व्हायची की!"

त्यांचं "पूर्वी" मला खटकलं. पूर्वी नक्की काय व्हायचं, हे बघायला मी आजेसासूबाईंची वही काढली. लाल कापडी पाठीची, मधोमध दोऱ्याने शिवलेली. घरातल्या प्रत्येक कार्याचं एक पान तिच्यात आहे. सासूबाईंच्या सांगण्याप्रमाणे १९५६ च्या सुमारास माझ्या सासऱ्यांच्या धाकट्या भावाचं बारसं झालं, त्याचं पान मी पुढे ठेवलं. वर लिहिलंय, "पानं शंभर". खाली अशी यादी: खपली चार शेर, गूळ साडेसहा शेर, पुरीचे गहू साडेपाच शेर, तांदूळ पावणेपाच शेर, तुरीची डाळ दोन शेर, हरभऱ्याची डाळ तीन मापटी, आणि असंच पुढे.

हे पान आजच्या हिशेबाला लावायचं तर पहिला अडथळा शेराचाच येतो. मी त्यात एकदा चांगलीच फसले आहे. लग्नानंतर काही वर्षांनी पंचवीस माणसांच्या एका जेवणाला मी याच पानावरून पाव प्रमाण काढलं होतं. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम, हे शाळेत शिकलेलं. तेव्हा खपली एक शेर म्हणून ९३० ग्रॅम घेतली आणि गूळ दीड किलो. खीर अशी गोड झाली की पाहुणे वाटीभर खाऊन पाणी मागायला लागले, आणि वर ती कमीही पडली. सासूबाई तेव्हा एवढंच म्हणाल्या, "गूळ तोलून घेतात आणि धान्य मापून."

सगळी गोम त्यातच आहे. आपल्याकडे शेर दोन होते. एक वजनाचा, तागडीत तोलायचा. त्यात गूळ, तूप, खोबरं. दुसरा मापाचा, म्हणजे पितळेच्या किंवा लाकडाच्या भांड्याचा. त्यात धान्य आणि डाळी. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली. नाव एकच, पण मापाच्या शेरात तांदूळ किती बसतो आणि पीठ किती बसतं, यात जमीनअस्मानाचा फरक. शिवाय हे माप गावोगाव वेगळं. कोकणातली पायली आणि घाटावरची पायली एक नव्हे. म्हणून पुस्तकातला कोष्टकाचा आकडा आपल्या घरच्या वहीला लागू पडेलच असं नाही.

यावर एकच उपाय. घरातलं जुनं माप माळ्यावर असेल तर ते खाली काढायचं आणि दुकानातल्या काट्यावर तोलून बघायचं. आमच्या शेरात सपाट भरला तर तांदूळ एक किलो १८० ग्रॅम बसतो. पण सपाट कोणी भरत नसे. धान्य मापताना वर शीग लावायची पद्धत होती, आणि शीग लावली की तोच शेर १ किलो ३०० ग्रॅमवर जातो. भरडलेली खपली शिगेसकट सव्वा किलो. म्हणजे वहीतल्या चार शेर खपलीचे झाले पाच किलो. गूळ वजनाच्या शेराने साडेसहा म्हणजे सहा किलो. खपलीच्या खिरीला धान्याच्या सव्वापट गूळ लागतो हे तुम्हाला हातानेच माहीत आहे. पाचाला सहा बरोबर बसतं. माझ्या त्या फसलेल्या खिरीत ते दीडपटीच्याही वर गेलं होतं. जुनी वही वाचताना शेर कोणता हे कळत नसेल तर अशी एखादी जोडी धरून ताळा घ्या. पदार्थ बिघडतोय असं दिसलं की माप चुकलं म्हणायचं.

पुढच्या पानांवर ही अडचण आपोआप सुटते. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले. वजनं १९५८ पासून टप्प्याटप्प्याने बदलत गेली आणि १९६२ पर्यंत किलो सक्तीचा झाला. आमच्या वहीत १९६१ च्या पानावर यादी शेरातच आहे, पण समासात शाळकरी अक्षरात किलो लिहिले आहेत. ते अक्षर माझ्या सासऱ्यांचं. आईला दुकानात फसवू नये म्हणून पोराने करून दिलेलं भाषांतर ते!

आता मूळ गोष्टीकडे येते. या यादीत भावाचा एक रकाना आखलेला आहे. तो जवळजवळ रिकामा आहे. वेलदोडे, खोबरं, हिंग, रॉकेल, काडेपेटी एवढ्यांपुढेच आणे लिहिलेत. खपली, गहू, तांदूळ, तूर, गूळ, तूप या सगळ्यांपुढे एकच शब्द आहे: "घरचे". म्हणजे भाऊजी ज्याला "पूर्वी थोडक्यात व्हायचं" म्हणतात तो आकडा फक्त रोख दिलेल्या पैशांचा. शेतातून कोठीत आलेलं धान्य आणि गुऱ्हाळातून आलेली ढेप यांना कोणी खर्च धरतच नव्हतं.

पण त्या गुळाला बाजारात भाव नव्हता असं थोडंच आहे? कोल्हापुरात गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरीची पेठ शाहू महाराजांच्या काळात, १८९५ मध्ये वसली. १९५६ साली आमच्या घरून तिकडे गाड्या जायच्या. बारशाला वापरलेले साडेसहा शेर त्या गाडीत चढले असते तर त्याचे पैसे आले असते. ते आले नाहीत, हाच त्याचा खर्च. आजही ज्यांच्या घरी शेतातले गहू येतात त्या बायका ताटाचा हिशेब करताना गहू सोडून देतात. मी सांगेन, सोडू नका. दुकानात तो गहू जितक्याला मिळतो तो भाव लावा, नाहीतर दोन घरांच्या ताटांची तुलनाच होत नाही.

आणि पानाच्या अगदी तळाशी एक ओळ आहे. तिच्याकडे मी इतकी वर्षं लक्षच दिलं नव्हतं. "हात अकरा." पुढे नावं नाहीत, नाती आहेत. थोरल्या जाऊबाई, दोन वन्सं, मळ्यातल्या काकू, बस्तीशेजारच्या आजी, अशा अकरा बायका. शेवटच्या दोघींपुढे बारीक फुल्या आहेत. मला वाटलं या आल्या नसतील. सासूबाई म्हणाल्या, "नाही गं. ज्यांच्याकडे आपण जाऊन आलो, त्यांच्यापुढे फुली." म्हणजे ती यादी उसनवारीची होती. शेतात जशी सावड असते, आज तुमच्या रानात आमचे हात आणि उद्या आमच्या रानात तुमचे, तशीच ही चुलीपुढची सावड. मजुरी दिली जायची, पण ती दिवसांत. अकरा बायकांचा एकेक दिवस घेतला की सासूबाईंच्या सासूबाईंना अकरा दिवस कुणाच्या तरी घरी पुऱ्या लाटायला जावं लागे. एवढा मोठा खर्च, आणि तो भावाच्या रकान्यात नाही म्हणून सगळ्यांनी तो विसरून टाकला.

हे डोक्यात ठेवून मी आमच्या बारशाचा हिशेब मांडला. जेवण वहीतल्यासारखंच: खपलीची खीर, पुरी, दुधी घालून हरभऱ्याच्या डाळीची भाजी, बेसन पेरून ढबू मिरची, काकडीची कोशिंबीर, भात, आमटी, वर तूप. ढबू मिरची तेवढी माझी भर. ताक ठेवलं नाही. डाळी-बेसनाच्या जेवणात कच्चं ताक म्हणजे द्विदल होतं, आणि त्या दिवशी व्रती मंडळी पंगतीला होती. भाव सगळे आमच्या गावच्या दुकानातले, त्या आठवड्यातले. तुमच्याकडे वेगळे असतील, तेवढे बदलून घ्या. प्रमाण बदलायची गरज नाही.

खिरीला खपली पाच किलो, ११० रुपयांनी ५५०. गूळ सहा किलो, ५५ ने ३३०. आठ नारळ २८०. वेलदोडे ५० ग्रॅम १५०, आणि पाव किलो काजू २२५. खीर झाली १,५३५ रुपयांची. एकूण किराण्यात सगळ्यात जड पदार्थ हाच, पण बघा, गहू-गूळ मिळून ९०० सुद्धा होत नाहीत. बाकीचं नारळ, वेलदोडे आणि काजू. हात आखडायचाच असेल तर तो कुठे आखडायचा ते इथे दिसतं.

पुरीला माणशी ७० ग्रॅम पीठ धरलं, म्हणजे मध्यम आकाराच्या चार-पाच पुऱ्या. सात किलो गहू, चाळीसचा भाव आणि वर किलोला पाच रुपये दळणाचे, ३१५ झाले. तयार पीठ मी घेत नाही, कारण पिठाची मर्यादा आपल्याला पाळायची असते: थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. दुकानातलं पीठ कधी दळलंय कुणाला ठाऊक? तांदूळ सहा किलो ३६०, तुरीची डाळ अडीच किलो ३२५. दुधी आठ किलो घेतला, साल आणि बिया जाऊन साडेसहा उरतो, ३२० चा. त्यात घालायला हरभऱ्याची डाळ किलोभर ९०. ढबू मिरची पाच किलो ३००, बेसन ११०. काकडी चार किलो १६०, कुटाला शेंगदाणे किलोभर १४०. कांदा, लसूण, बटाटा आपल्या यादीत नाहीतच, त्यामुळे भाजीचा भार अशा फळभाज्यांवर येतो. त्यांचा भाव हंगामाप्रमाणे दुप्पट होतो. उन्हाळ्यातलं कार्य असेल तर या एका ओळीवर वीस टक्के जास्त धरा.

तेलाचा हिशेब बहुतेकींचा चुकतो. तळणीला कढईत तेल भरपूर ओतावं लागतं, पण ते सगळं पुऱ्यांत जात नाही. पाच लिटर शेंगतेल आणलं. तळण आणि फोडण्या मिळून तीन लिटर खर्च झालं, दोन लिटर गाळून घरच्या स्वयंपाकाला ठेवलं. ताटावर तीनच लिटर चढवायचे, १९० ने ५७०. तूप सव्वा किलो, ६४० च्या भावाने ८००. पाव किलो खिरीला आणि माणशी दहा ग्रॅम भातावर. मीठ, मिरची, हळद, हिंग, मोहरी, चिंच, कोथिंबीर, कढीपत्ता, लिंबू हे सगळं एकत्र ४५०.

किराणा आणि भाजी मिळून ५,४७५. शंभर पानांना भागलं की पाऊणेपंचावन्न रुपये. भाऊजींचा अंदाज बरोबर होता, हे मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितलं. मग म्हटलं, आता पुढची ओळ वाचा.

गॅस साधारण ६००. केळीची पानं, फाटकी धरून ११०, पाच रुपयांनी ५५०. मोठी पातेली, झारे, परात बस्तीतून आणली आणि तिथे देणगी ३५० दिली. हे झाले दीड हजार. ताट सत्तरावर गेलं. आता हात. वहीतले अकरा हात आज कुठून आणायचे? दोन्ही सुना नोकरीला, वन्सं पुण्याला, शेजारच्या काकूंचे गुडघे दुखतात. आचाऱ्याचे तीन हजार, लाटायला-वाढायला-भांड्याला चार बायका, प्रत्येकी ६०० प्रमाणे २,४००. मजुरी ५,४०० रुपये. किराण्याला ५,४७५ आणि हातांना ५,४००! अर्धं ताट धान्याचं आणि अर्धं हातांचं. एकूण १२,३७५, ताटाला जवळजवळ १२४.

म्हणजे भाऊजींच्या पंचावन्न रुपयांत उरलेले एकोणसत्तर कुणीतरी फुकट द्यायचे होते. ते कोण, हे घरात सगळ्यांना माहीत होतं; उघड कोणी म्हटलं नव्हतं इतकंच. मी ते म्हटलं. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी वहीतली अकराची ओळ बोटाने दाखवली आणि म्हणाल्या, "आम्ही फुकट नाही केलं कधी. फेडलंय सगळं."

केटररच्या दोनशे वीस आणि आपल्या एकशे चोवीसमध्ये जो फरक उरतो तो त्याचा नफा, त्याची माणसं, ने-आण आणि उरलंसुरलं धरून. त्याला मी लूट म्हणणार नाही. आम्ही घरी करायचं ठरवलं ते पिठाच्या मर्यादेसाठी आणि गाळलेल्या पाण्यासाठी. स्वस्त पडतं म्हणून नाही. पण आचारी आणि चार बायका लावून.

आता एक शेवटची अडचण, आणि आपल्या घरांत ती इतरांपेक्षा मोठी असते. ताटाचा भाव बोलावलेल्या माणसांवर निघत नाही, जेवलेल्यांवर निघतो. शंभर धरली आणि पंच्याऐंशीच आली तर तेच १२,३७५ पंच्याऐंशींत वाटायचे, ताट १४५ च्या वर जातं. इतर घरी उरलेलं रात्री किंवा दुसऱ्या दिवशी खपतं. आपल्याकडे सूर्यास्तानंतर जेवण नाही, आणि आमटी-भात शिळा खायचा नाही. जे शिजलं ते दिवस मावळायच्या आत संपलं नाही तर ते गेलंच.

वहीत याचाही उपाय सापडला. पुरीच्या गव्हांपुढे "तीन खेपा" आणि तांदळापुढे "दोन खेपा" असं लिहिलंय. पूर्वी मला वाटायचं की पातेली लहान असतील. पण खीर आणि आमटीपुढे असं काही नाही, ती एकदमच. मग लक्षात आलं, जे पटकन होतं ते थोडंथोडं करायचं आणि जे तासन्‌तास शिजतं तेवढंच आधी मांडायचं. पहिली पंगत उठली की माणसं मोजून पुढचं पीठ मळायचं. कोरडं पीठ आणि कोरडा तांदूळ वाया जात नाही, तो कोठीत परत जातो.

१९७२ च्या दुष्काळातलं एक पान आहे तेही मी मुद्दाम बघितलं. तिथे "पानं चाळीस" आहे. माणशी प्रमाण काढून पाहिलं तर खपली, तांदूळ, डाळ सगळं जुन्याइतकंच येतं. ताट बारीक केलं नाही, माणसं कमी बोलावली. आपण आज उलट करतो, यादी वाढवत जातो आणि मग तूप अर्ध्या चमच्यावर आणतो.

आमच्या बारशाला शेवटी ब्याण्णव पानं झाली. तिसऱ्या खेपेचं दीड किलो पीठ मळलंच नाही आणि किलोभर तांदूळ परत डब्यात गेला. ते वजा करून १२,२४७ रुपये, ब्याण्णवांनी भागले की ताटाला १३३. खीर पाच-सहा माणसांची उरली होती. ती चारच्या सुमाराला लाटणाऱ्या बायकांच्या डब्यांत घालून दिली.

वहीत नवं पान मी लिहिलंय. सासऱ्यांनी समासात किलो घातले होते, मी एक रकाना आखला, "हात". त्यात आचारी एक, बायका चार, रक्कम ५,४००. आणि खाली आणखी दोन नाती लिहिली. थोरल्या जाऊबाईंनी सकाळी सात ते अकरा खीर हलवली, आणि समोरच्या घरच्या सूनबाईंनी रजा काढून काकड्या चोचल्या. दोघींपुढे अजून फुली नाही. समोरच्यांकडे वैशाखात वास्तुशांत आहे, त्या दिवशी मला सकाळपासून जायचंय.